एकाच उन्हावर दोन यंत्रं: पंप आणि पाणी शुद्धीकरणाचा हिशोब एकत्र कसा मांडायचा?

आज आपण पिण्याच्या पाण्याच्या सौर प्रकल्पाबद्दल बोलणार आहोत. बोअरमधून पाणी उपसायचं, ते शुद्ध करायचं आणि गावाला द्यायचं, आणि हे सगळं उन्हाच्या विजेवर. नातेपुते आणि माळशिरसच्या वाड्यावस्त्यांवर ग्रामसंघाच्या बैठकांना जाताना आम्हाला हा विषय पुन्हा पुन्हा ऐकू येतो. नीरा उजव्या कालव्याखालचा हा ऊसपट्टा. पाणी आहे, पण बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड किंवा मचूळ लागतं. डाळ शिजायला वेळ लागतो, भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो. मग गटातल्या बायका म्हणतात, "ताई, आपणच यंत्र बसवू, पाच रुपयाला जार देऊ, आणि वीज सूर्याची, म्हणजे बिलाची कटकट नाही."

विचार चांगला आहे. घोटाळा होतो तो खरेदीच्या वेळी. पंपाचं कोटेशन एकाकडून येतं, शुद्धीकरणाच्या यंत्राचं दुसऱ्याकडून. पंपवाला विचारतो, रोज किती लिटर पाणी हवं? यंत्रवालाही तेच विचारतो. आपण दोघांनाही एकच आकडा सांगतो. दोघांचा आपापला हिशोब बरोबर निघतो, पण दोन्ही वस्तू एका जागी बसल्या की जमत नाही. दुपारी बारालाच यंत्रासाठी साठवलेलं पाणी संपतं, नाहीतर दोन्ही मोटरी एकदम चालू केल्या की सगळंच बंद पडतं. ऊन एकच आहे आणि त्यावर खाणारी तोंडं दोन आहेत. म्हणून दोघांची भूक एकाच कागदावर मांडायची. आज आपण तो कागद मांडून बघू.

सुरुवात पाण्याच्या तपासणीपासून करायची, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर ठरतात. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि तपासणी संच द्यायची योजना आहे. तुमच्या गावात त्या महिला असतील तर त्यांना गाठा. त्याशिवाय एक नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवून लेखी अहवाल घ्या. अहवालात चार गोष्टी बघायच्या: विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट 45 च्या वर नको आणि फ्लोराइड फार तर दीड.

आता नीट ऐका. दोष फक्त जिवाणूंचा असेल आणि क्षार, नायट्रेट, फ्लोराइड मर्यादेत असतील, तर आरओ यंत्राची गरजच नाही. वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे अतिनील दिवा किंवा क्लोरिन एवढ्यावर भागतं, आणि त्याला वीज अगदी थोडी लागते. पण क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल, तर दिवा आणि क्लोरिन काही कामाचे नाहीत. पाणी उकळूनही ते जात नाहीत. उलट वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वाढतं. अशा पाण्याला आरओ लागतं. आरओ म्हणजे पाणी जोराच्या दाबानं एका बारीक पडद्यातून ढकलायचं. दाब म्हणजे मोटर, आणि मोटर म्हणजे वीज.

आरओची आणखी एक गोष्ट आहे आणि पंपाचा हिशोब तिच्यामुळेच चुकतो. आरओत घातलेलं सगळं पाणी शुद्ध होऊन बाहेर येत नाही. गावपातळीच्या यंत्रात साधारण निम्मं पाणी शुद्ध निघतं आणि निम्मं, क्षार घेऊन, वेगळ्या नळीनं बाहेर पडतं. म्हणजे लोकांना 4000 लिटर द्यायचं तर बोअरमधून 8000 लिटर काढावं लागतं. पंपवाल्याला आपण 4000 सांगितलेलं असतं. दुपारी बाराला साठवलेलं पाणी का संपतं, त्याचं उत्तर इथेच आहे.

आता उदाहरण घेऊ. नातेपुत्याजवळची शंभर उंबऱ्यांची वाडी धरा, माणसं 500. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज 8 ते 10 लिटर शुद्ध पाणी धरतात. आपण 8 धरू. 500 गुणिले 8 म्हणजे 4000 लिटर. घराला 20 लिटरचे दोन जार झाले. अंघोळीला, धुण्याला, जनावरांना हे पाणी नाही, त्यासाठी नळाचं किंवा बोअरचं नेहमीचं पाणी.

तपासणीत क्षार 1200 आले आणि नायट्रेटही जास्त निघालं असं समजा. म्हणजे आरओ आलं. तासाला 1000 लिटर शुद्ध पाणी देणारं यंत्र घेतलं तर 4000 लिटरला चार तास लागतील. त्या यंत्रात दोन मोटरी असतात. एक साधारण 1 एचपीची, टाकीतलं पाणी फिल्टरमधून पुढे ढकलणारी. दुसरी साधारण 2 एचपीची, पडद्यावर दाब देणारी. मोटर वीज ओढते त्यातली काही उष्णतेत वाया जाते, म्हणून चालताना पहिली 1 किलोवॉट आणि दुसरी 2 किलोवॉट धरायची. दिवा आणि औषध सोडणारा छोटा पंप यांना फार काही लागत नाही. एकूण 3 किलोवॉट, चार तास. तीन चोक बारा. शुद्धीकरणाची भूक रोज 12 युनिट.

मग पंपाचं. उन्हाळ्यात बोअरची पातळी 200 फुटांवर जाते असं धरा. वर टाकी 30 फुटांवर. म्हणजे पाणी 230 फूट, साधारण 70 मीटर उचलायचं. पातळी बघताना उन्हाळ्यातलीच बघा. पावसाळ्यातली किंवा कालव्याचं आवर्तन सुटल्यानंतरची बघितली तर फसगत होईल. एवढ्या उंचीवर 2 एचपीचा पाणबुडी पंप तासाला सुमारे 4000 लिटर पाणी देतो आणि चालताना 2 किलोवॉट ओढतो. आपल्याला 8000 लिटर हवं, म्हणजे दोन तास. दोन दुणे चार. पंपाची भूक रोज 4 युनिट.

बारा आणि चार, सोळा. रोज 16 युनिट लागणार. गंमत बघा, आपण सगळे बोलतो पंपाबद्दल, पण तिप्पट खाणारं शुद्धीकरणाचं यंत्र आहे. आणि तपासणीत फक्त जिवाणू निघाले असते तर? बोअरमधून 4000 लिटरच उपसायचं होतं, म्हणजे 2 युनिट, आणि फिल्टर व दिव्याला आणखी 2 धरा. सोळाऐवजी चार. म्हणून म्हटलं, आधी तपासणी, मग कोटेशन.

आता सूर्य किती देतो ते बघू. आपल्या सोलापूर भागात 1 किलोवॉटची पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला सुमारे 4 युनिट देतात. पण पिण्याचं पाणी सरासरीवर चालत नाही, आषाढ-श्रावणातही तहान लागतेच. ढगाळ महिन्यांसाठी 3 युनिट धरायचे. 16 भागिले 3 म्हणजे 5.3 किलोवॉट. हल्ली 540 वॉटचं एक पॅनेल मिळतं. अशी दहा घेतली की 5.4 किलोवॉट होतात आणि आपला हिशोब बसतो. फक्त पॅनेललाच पावणेतीनशे चौरस फूट जागा लागते, सावली पडू नये म्हणून आजूबाजूला मोकळी जागा वेगळी. चिंचेची किंवा लिंबाची सावली दुपारी तीनला कुठवर येते ते आधी बघून ठेवा. एका पॅनेलवर पडलेली सावली त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांचीही वीज कमी करते.

आता इथं थांबून एक शंका काढू. पंपाला 2 किलोवॉट, शुद्धीकरणाला 3, एकूण 5. पॅनेल 5.4 ची. मग दोन्ही एकदम चालवायला काय हरकत? हरकत आहे. पॅनेलवर लिहिलेला आकडा कारखान्यातल्या चाचणीचा असतो. आपल्याकडच्या तापलेल्या, धूळ बसलेल्या पॅनेलमधून, तारा आणि इन्व्हर्टरमधली तूट वजा जाता, ऐन दुपारी त्याच्या पाऊणपट हातात पडते. 5.4 चे 4 राहतात. त्यात 3 चं यंत्र आरामात चालतं, 2 चा पंपही चालतो, पण दोघं मिळून 5 चं काही बसत नाही. शिवाय साधी मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. एक चालू असताना दुसरी सुरू केली की त्या झटक्यानं इन्व्हर्टर पडतो. ओळखायची खूण अशी: कळ दाबली की खोलीतला दिवा मिणमिणतो, इन्व्हर्टर आवाज करतो आणि सगळं बंद. असं झालं की मोटर बिघडली म्हणून उपसून काढू नका. आधी एकावेळी एकच चालवून बघा.

म्हणून दोघांना पाळीनं चालवायचं. ऊन कुणाला कधी द्यायचं हे दोघांच्या स्वभावावरून ठरतं. पंप सोशिक असतो. सौर पंपाचा नियंत्रक ऊन कमी झालं की मोटरचा वेग कमी करतो. पाणी कमी येतं, पण येतं. सकाळच्या तिरप्या उन्हातही त्याचं काम थोडंबहुत चालूच राहतं. आरओचं तसं नाही. त्याला पूर्ण दाब लागतो. दाब उतरला तर शुद्ध पाणी कमी निघतं आणि जे निघतं त्यात क्षार वाढतात. वारंवार चालू-बंद झालं तर पडद्यावर क्षारांचा थर बसतो आणि पडदा लवकर बाद होतो. म्हणून दुपारचं भर ऊन आरओला आणि कडेचं ऊन पंपाला. साधारण साडेआठ ते साडेदहा पंप, साडेदहा ते अडीच शुद्धीकरण, आणि अडीचनंतर पुन्हा पंप. संध्याकाळपर्यंत कच्च्या पाण्याची टाकी भरून ठेवली की उद्याची सकाळ ढगाळ निघाली तरी चिंता नाही. ही पाळी माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. एक चालू असताना दुसरं सुरूच होणार नाही अशी जोडणी पॅनेल बोर्डात करून मिळते, ती कोटेशनमध्ये लिहून घ्या.

पाळीनं चालवायचं तर मध्ये साठवण लागते. कच्च्या पाण्याची टाकी 10,000 लिटरची घ्या, कारण दिवसाला 8000 लागतं आणि फिल्टर उलट्या प्रवाहानं धुवायलाही थोडं जातं. शुद्ध पाण्याची टाकी 5000 लिटरची. बायका विचारतात, बॅटरी का नको? तर वीज बॅटरीत साठवण्यापेक्षा पाणी टाकीत साठवणं स्वस्त पडतं. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, टाकी धुतली की झालं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत दुहेरी पंप योजना झाल्या. तिथे एकाच बोअरवर हातपंप आणि सौर पंप दोन्ही, आणि वर 5000 लिटरची टाकी. दिवसा ऊन असताना टाकी भरायची, संध्याकाळी नळाला पाणी. तत्त्व हेच. फरक एवढाच की तिथे पंप एकटा आहे, आपल्याकडे त्याच उन्हावर दुसरं यंत्रही बसवायचं आहे.

ढगाळ दिवसाचा नियम आधीच ठरवून ठेवा, नाहीतर टाकीपाशी भांडणं होतील. पावसाळ्यात एक गोष्ट आपल्या बाजूनं असते: बोअरची पातळी वर येते, म्हणून पंपाची भूक कमी होते. शुद्धीकरणाची मात्र होत नाही. सलग दोन-तीन दिवस अंधारून आलं तर घराला दोनऐवजी एकच जार, फक्त पिण्यासाठी, असा ठराव गटानं करावा. आणि आषाढी वारी येते ती नेमकी याच दिवसांत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला असते, तेव्हा परिसरात माणसांचा सागर असतो. त्या दोन दिवसांसाठी प्रकल्प दुप्पट मोठा करू नका. वर्षाचे उरलेले दिवस ती पॅनेल रिकामी राहतील. त्यापेक्षा महावितरणच्या विजेवरही यंत्र चालेल असा बदलाचा खटका बसवून घ्या आणि त्या दोन दिवसांपुरतं बिल सोसा.

उरलेलं 4000 लिटर पाणी कुठे जाईल तेही याच कागदावर लिहा. कच्च्या पाण्यात 1200 क्षार होते, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात जवळजवळ दुप्पट, 2300 च्या आसपास असतात. नायट्रेटही तसंच वाढलेलं असतं. हे पाणी जनावरांना पाजू नका. बोअरच्या किंवा विहिरीजवळ मुरवू नका, नाहीतर काढलेले क्षार पुन्हा त्याच पाण्यात जातील. शौचालयाला, फरशी धुवायला, बांधकामाच्या जागी धूळ बसवायला ते वापरता येतं. त्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळ्या रंगाचा नळ ठेवा, म्हणजे लहान पोरं चुकून तिथे तोंड लावणार नाहीत.

यंत्र चालू झाल्यावर एक वही ठेवायची. यंत्र चालवणारी ताई रोज दुपारी बाराला चार आकडे लिहील: दाबाच्या काट्याचा आकडा, तासाला निघणारं शुद्ध पाणी, त्या पाण्याचे क्षार आणि इन्व्हर्टरवर दिसणारे युनिट. क्षार मोजायचं पेनासारखं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. या चार आकड्यांवरून दुखणं कुठे आहे ते कळतं. ऊन लख्ख असूनही युनिट कमी झाले तर पॅनेल धुवा, आपल्याकडे धूळ भरपूर. सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना धुवा. आरओचं शुद्ध पाणी त्याला चालतं, जड पाण्यानं काचेवर पांढरे डाग पडतात. युनिट ठीक आहेत, दाबही आहे, पण शुद्ध पाणी दिवसेंदिवस कमी येतंय, तर पडद्यावर थर बसतोय. दाब ठीक पण शुद्ध पाण्यातले क्षार एकदम वाढले, तर पडदा किंवा त्याचा जोड फुटला असेल. त्या दिवशी पाणी वाटू नका. आणि संध्याकाळी बंद करण्याआधी दहा मिनिटं पडदा धुवायची कळ चालवा, म्हणजे रात्रभर खारं पाणी पडद्याला चिकटून राहणार नाही. हा क्षारांचा पेन जिवाणू दाखवत नाही. त्यासाठी शुद्ध पाण्याची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर वेगळी करून घ्यावीच लागते.

पैशाचं एवढंच सांगतो. पाच रुपयाला जार धरला तर 200 जारांचे रोज 1000 रुपये येतात. त्यातून चालवणाऱ्या ताईंचं मानधन, फिल्टर, औषध आणि काही वर्षांनी नवा पडदा एवढं निघायला हवं. यंत्र महिन्यात सहा दिवस बंद राहिलं तर 6000 रुपये गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे लोकांची सवय मोडली. एकदा बाई दुसरीकडून जार आणायला लागली की परत येत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, कोटेशन मागायला जाताना ग्रामसंघाच्या वहीत हे लिहून न्या: पाण्याचा तपासणी अहवाल, रोजचं शुद्ध पाणी, त्यासाठी लागणारं कच्चं पाणी, बोअरची उन्हाळ्यातली पातळी आणि टाकीची उंची. मग विक्रेत्याला विचारा: तुमच्या यंत्रात 100 लिटर घातलं तर शुद्ध किती निघतं? प्रत्येक मोटर चालताना किती किलोवॉट ओढते? दोन्ही यंत्रं कुठल्या वेळेला चालवायची आणि तेव्हा पॅनेलमधून किती वीज मिळेल? ढगाळ महिन्यात रोज किती लिटर मिळेल? उत्तरं तोंडी नको, कोटेशनवर लिहून घ्या. पंप एकाचा आणि यंत्र दुसऱ्याचं असेल तरी चालेल, पण दोन्ही मिळून रोज इतके लिटर शुद्ध पाणी, याची लेखी हमी कुणीतरी एकानं घेतली पाहिजे. तशी हमी द्यायला कुणी तयार नसेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.

तुमच्या गावच्या पाण्याचा अहवाल आला असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. आकडे तुमचे घालू आणि हिशोब सगळ्यांसमोर फळ्यावर मांडू. नमस्कार!